वाटा मोजण्याआधी कायदा कोणता ते विचारा
(कार्यकर्ता शिबिरात दुसऱ्या दिवशी केलेली मांडणी. जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



आज आम्हाला वारसाच्या वाट्यावर बोलायला सांगितलंय. आम्ही म्हणजे पाड्यावरची बारावीपर्यंत शिकलेली पाच-सहा पोरं-पोरी. आम्ही वकील नाही. गेली दोन वर्षं लोकांबरोबर चावडीवर जातो, फेरफाराच्या नकला काढतो, त्या वाचून दाखवतो. त्यातून जे कळलं ते सांगतो. चुकलं तर थांबवा.

सुरुवात एका प्रश्नापासून करतो. आमच्यातली एक ताई तलाठी भरतीचा अभ्यास करते. तिच्या पुस्तकात चार पर्यायांचा एक प्रश्न होता. काल रात्री जेवणानंतर आम्ही तो सगळ्यांना घातला आणि हात वर करायला लावले. तोच आज फळ्यावर लिहिलाय. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

प्रश्न असा. एक हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला. त्याची स्वतः कमावलेली ९ एकर जमीन आहे. त्याच्या मागे त्याची आई, बायको, एक मुलगा, दोन मुली आणि एक सख्खा भाऊ आहे. दुसरा एक मुलगा त्याच्या आधीच वारला होता. त्या मेलेल्या मुलाची विधवा बायको, एक मुलगा आणि एक मुलगी हयात आहेत. तर त्या मेलेल्या मुलाच्या मुलीला, म्हणजे नातीला, किती हिस्सा मिळेल?

अ) १/८
ब) १/१५
क) १/१८
ड) १/२१

काल सगळ्यात जास्त हात 'अ' ला वर झाले. मागच्या रांगेतल्या दोन काकांनी तर कशालाच हात केला नाही. ते म्हणाले, "नातीला कसला हिस्सा? तिचा बाप गेला तेव्हाच तिचा हक्क गेला." हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे आम्ही परत येणार आहोत.

आधी पुस्तकाचं उत्तर काढू. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा आहे. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर कोणाला काय मिळायचं ते त्याच्या कलम ८, ९ आणि १० मध्ये आहे. पुरुष वारला तर त्याच्या वारसांचे वर्ग केलेत. पहिल्या वर्गात एक जरी माणूस हयात असेल तर दुसऱ्या वर्गाला काहीच मिळत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे पहिल्या वर्गात कोण कोण आहे ते वेगळं काढणं.

आपल्या प्रश्नातली माणसं घ्या. बायको पहिल्या वर्गात आहे. मुलगा आहे, मुली आहेत. आईसुद्धा पहिल्या वर्गात आहे. इथे पुष्कळ जण चुकतात, कारण बाप दुसऱ्या वर्गात आहे आणि आई पहिल्या. आधी मेलेल्या मुलाची विधवा आणि त्याची पोरंही पहिल्या वर्गात आहेत. सख्खा भाऊ मात्र दुसऱ्या वर्गात आहे. इथे पहिल्या वर्गातले एवढे वारस जिवंत असताना भावाला शून्य. तो प्रश्नात मुद्दाम घातलाय, फसवायला.

दुसरं काम म्हणजे हिस्से मोजणं. इथे डोकी मोजायची नाहीत, हिस्से मोजायचे. बायकोचा एक हिस्सा. आईचा एक. हयात मुलाचा एक. दोन मुलींचे दोन, प्रत्येकीचा भावाएवढाच. झाले पाच. आता मेलेल्या मुलाचं घर उरलं. तिथे तीन माणसं आहेत, पण त्या तिघांना मिळून एकच हिस्सा. कायदा म्हणतो की मेलेल्या मुलाच्या शाखेला एक वाटा. तो मुलगा जिवंत असता तर त्याला जेवढं मिळालं असतं तेवढंच त्याच्या घराला मिळतं. म्हणून एकूण सहा हिस्से.

९ एकर म्हणजे ३६० गुंठे. सहाने भागलं की ६० गुंठे, म्हणजे दीड एकर. बायको ६०, आई ६०, मुलगा ६०, एक मुलगी ६०, दुसरी मुलगी ६०, मेलेल्या मुलाचं घर ६०. बेरीज करून बघा, ३६० येते. बेरीज जमली नाही तर कोणीतरी राहिलंय किंवा कोणीतरी जास्त धरलंय असं समजायचं.

तिसरं काम म्हणजे शाखेच्या आत वाटणी. ६० गुंठ्यांचे तीन सारखे वाटे पडतात. सुनेला २०, नातवाला २०, नातीला २०. पोरगा म्हणून नातवाला जास्त नाही. २० गुंठे म्हणजे ३६० चा अठरावा भाग. उत्तर 'क', १/१८.

आता बाकीची उत्तरं का चुकली ते बघा, कारण चावडीवर याच चुका होतात. 'अ' म्हणजे १/८ म्हणणाऱ्यांनी आठ डोकी मोजली आणि सगळ्यांना सारखं वाटलं. त्यात मेलेल्या मुलाच्या घराला तीन हिस्से गेले आणि जिवंत मुलाला एकच राहिला. 'ब' म्हणजे १/१५ म्हणणाऱ्यांनी म्हातारीला सोडून दिलं. पाचच हिस्से धरले, पाचव्या भागाचे तीन वाटे केले. 'ड' म्हणजे १/२१ म्हणणाऱ्यांनी भावाला आत घेतलं, म्हणून सात हिस्से झाले.

एका आजीने काल विचारलं, "आणि लेक मेलेली असती तर?" प्रश्न चांगला होता. मुलगी बापाआधी वारली असेल तर तिच्याही शाखेला एक पूर्ण हिस्सा मिळतो. पण तो फक्त तिच्या पोरांना. जावयाला त्यातलं काही नाही. सून आत आहे, जावई बाहेर आहे, असा फरक त्या कायद्यात आहे.

आणखी एक सूचना. प्रश्नात "स्वतः कमावलेली" असं लिहिलंय म्हणून हे एवढं सोपं झालं. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची जमीन असेल तर आधी मेलेल्या माणसाचा त्या जमिनीत किती भाग होता ते काढावं लागतं, आणि मग तेवढाच भाग वरच्या रीतीने वाटला जातो. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्मापासून मुलासारखी त्यात भागीदार धरली जाते. त्यात आज शिरत नाही.

इथपर्यंत परीक्षा झाली. एक गुण मिळाला. आता प्रश्न परत वाचा, अगदी पहिल्या ओळीपासून. "एक हिंदू पुरुष." आमच्यापैकी कोणीच काल त्या शब्दापाशी थांबलं नाही. ती ताईसुद्धा थांबली नव्हती.

त्याच कायद्याचं कलम २, पोटकलम २ आहे. त्यात लिहिलंय की केंद्र सरकारने राजपत्रात वेगळं जाहीर केल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातीच्या माणसांना लागू होणार नाही. म्हणजे फळ्यावरचा तो माणूस वारली असता, कोकणा असता, भिल्ल असता, गोंड असता, तर १/१८ हे उत्तर त्या कायद्याने येत नाही. सहा हिस्सेही येत नाहीत. पहिला वर्ग, दुसरा वर्ग हे काहीच येत नाही. आपल्यासाठी त्या पुस्तकात कोष्टकच नाही. आपल्याला लागते ती आपल्या जमातीची रूढी.

हे सांगितल्यावर काल शिबिरात दोन बाजूंनी गडबड झाली, आणि दोन्ही बाजूंनी माणसं चुकली.

एक बाजू म्हणाली, आम्ही मागच्या वर्षी चावडीवर भांडलो की कायद्याने मुलीला समान हिस्सा आहे, मग ते खोटं झालं का? त्यांनी हिंदू वारसा कायद्याचं नाव घेऊन अर्ज केला होता. समोरच्या वकिलाने कलम २(२) दाखवलं आणि अर्ज तिथेच बसला. मागणी चूक नव्हती, आधार चुकीचा घेतला होता.

दुसरी बाजू खूश झाली. ते मागचे काका म्हणाले, "बघा, आम्ही म्हणत होतो. कायदा लागू नाही म्हणजे बायांना काही नाही." हे त्याहून मोठं चूक आहे. कायदा लागू नाही याचा अर्थ एवढाच की त्या कायद्याचं कोष्टक लागू नाही. बाईला वगळायचं असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. वगळायचं असेल तर तशी रूढी आहे हे दाखवावं लागेल.

कोर्टात रूढी म्हणजे काय? कोणी म्हातारा उभा राहून "आमच्यात असंच असतं" म्हणाला म्हणजे रूढी सिद्ध होत नाही. ती जुनी हवी, सतत पाळलेली हवी, तिच्यात गोंधळ नको, आणि ती अन्यायाची किंवा लोकहिताच्या विरोधातली नको. ती दाखवायला उदाहरणं लागतात. कोणाच्या घरी काय झालं, कधी झालं, कोणी मान्य केलं.

यावर सुप्रीम कोर्टाचा एक निकाल सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. तारीख १७ जुलै २०२५. छत्तीसगडमधलं गोंड कुटुंब. त्या घरातल्या मुलीच्या वारसांनी आजोबांच्या जमिनीत आईचा वाटा मागितला. खालच्या कोर्टांनी त्यांना सांगितलं की तुमच्या जमातीत मुलीला वाटा मिळतो अशी रूढी तुम्ही सिद्ध केली नाही, म्हणून दावा फेटाळला. सुप्रीम कोर्ट म्हणालं की ही सुरुवातच उलटी झाली. मुलीला वगळायची रूढी आहे असं तुम्ही आधीच गृहीत कसं धरलं? त्या प्रकरणात देण्याचीही रूढी सिद्ध झाली नव्हती आणि वगळण्याचीही झाली नव्हती. मग रूढी गप्प असेल तिथे न्याय, समता आणि सद्सद्विवेक यावर निर्णय करायचा. फक्त बाई आहे म्हणून वाटा नाकारणं हे घटनेच्या कलम १४ च्या समानतेत बसत नाही. मुलीच्या वारसांना समान वाटा दिला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने हिमाचल प्रदेशातल्या दुसऱ्या प्रकरणात परत सांगितलं की हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू करता येणार नाही, कलम २(२) स्पष्ट आहे. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळी उभ्या आहेत. तो कायदा आपल्याला लागू नाही, आणि तरीही बाईला आपोआप शून्य नाही.

पण जास्त फुगवून सांगणार नाही. २०२५ च्या निकालात समोरच्यांनी वगळण्याची रूढी सिद्धच केली नव्हती. जिथे अशी रूढी पुराव्याने उभी राहील तिथे लढाई वेगळी आणि अवघड असेल. १९९६ साली झारखंड भागातल्या, तेव्हाच्या बिहारमधल्या, आदिवासी बायांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पुरुषांकडे जमीन जाण्याचे नियम रद्द केले नव्हते. एवढंच म्हणालं होतं की घरातल्या ज्या बाया त्या जमिनीवर जगतात त्यांचं पोट त्यावर चालतंय तोवर त्यांना हटवता येणार नाही. तेव्हा "कोर्टाने सगळ्यांना सारखं दिलं" असं पाड्यावर जाऊन सांगू नका. "वगळायचं असेल तर वगळणाऱ्याने रूढी दाखवावी" असं सांगा. ते खरं आहे आणि ते पुरेसं कामाचं आहे.

आता चावडीवर येऊ. कारण आपल्यातले बहुतेक वाटे कोर्टात मरत नाहीत, ते एका अर्जात मरतात.

आम्ही ज्याच्या नकला काढल्या असं एक घर सांगतो. नाव घेत नाही. पाड्यावरचा एक माणूस गेला. मागे म्हातारी, दोन मुलगे, एक लग्न झालेली लेक, आणि आधी वारलेल्या मोठ्या मुलाची सून, तिची एक पोरगी. धाकट्या मुलाने वारसाचा अर्ज केला. सोबत प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ. वंशावळीत बाप आणि दोन मुलगे, एवढीच तीन नावं. म्हातारी नाही, लेक नाही, मेलेला मुलगा नाही, म्हणून त्याची सून आणि पोरगीही नाही. फेरफार पडला, मंजूर झाला, सातबाऱ्यावर दोन नावं आली. सुनेला कळलं तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पीककर्जाच्या वेळी सोसायटीत गेली आणि तिथे म्हणाले, वहिनी, तुमचं नाव कुठेच नाही.

धाकटा मुलगा वाईट नाही. तो आम्हाला म्हणाला, "मला कुठे माहीत होतं? फॉर्म लिहिणाऱ्याने विचारलं, वारस पुरुष किती? मी दोन सांगितले." फॉर्मच्या पहिल्या प्रश्नातच चार माणसं पुसली गेली. त्यात कोणी रूढी विचारली नाही, कोणी सिद्ध केली नाही. रूढीचं नाव घेतलं असतं तर निदान वाद तरी झाला असता.

हे अडवायचं कुठे, ते क्रमाने सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४९ म्हणतं की वारसाने हक्क आला तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं. तलाठ्याने त्याची लेखी पोच द्यायची. कळवणारा एकटा मोठा मुलगाच पाहिजे असं नाही. सून कळवू शकते, लेक कळवू शकते, म्हातारी कळवू शकते. म्हणून पहिला अर्ज आपला टाका, आणि वंशावळीत सगळी माणसं लिहा, मेलेलीसुद्धा. मेलेल्या मुलाचं नाव नसेल तर त्याची शाखाच दिसत नाही. काल फळ्यावर पाहिलंत ना, सगळं गणित त्या शाखेवर होतं.

मग कलम १५०. तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद करतो, चावडीवर लावतो, आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी नोटीस देतो. हरकत घ्यायला १५ दिवस. नोटीस आली की अंगठा करण्याआधी कोणाकडून तरी वाचून घ्या. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. हरकत आली की नोंद साधी राहत नाही, तंट्याची होते, आणि सुनावणी घ्यावी लागते. तोंडी सांगितलेली हरकत कुठेच दिसत नाही. त्या सुनेच्या दिराने शेजारच्या काकांना सांगितलं होतं म्हणे की "वहिनीला पण घ्यायला पाहिजे". ते कागदावर नाही.

नोंद मंजूर झाली तर प्रांताकडे अपील, मुदत ६० दिवस. उशीर झाला असेल तर उशिराचं कारण देऊन माफी मागावी लागते. कळलंच नव्हतं, नोटीस दिलीच नव्हती, हे खरं असेल तर तेच कारण. त्यासाठी फेरफाराची फाईल मागा आणि नोटिशीवर कोणाची सही किंवा अंगठा आहे ते बघा. त्या घराच्या फाईलमध्ये सुनेला नोटीस काढलेलीच नव्हती, कारण वंशावळीत तीच नव्हती. तिचं अपील आम्ही याच मुद्द्यावर टाकलंय. निकाल लागायचाय.

एवढं लक्षात ठेवा की फेरफार म्हणजे मालकी नव्हे. ती महसुलाची नोंद आहे. नाव नसलं म्हणून हक्क मेला नाही, आणि नाव लागलं म्हणून हक्क कायमचा पक्का झाला असंही नाही. खरा वाद दिवाणी कोर्टात सुटतो. पण नाव नसेल तर कर्ज नाही, नुकसानभरपाई नाही, भूसंपादनाची नोटीस नाही. म्हणून नोंदीसाठी भांडायचं.

आणखी तीन ठिकाणी फसगत होते. एक, बायांची नावं घेतात पण "इतर हक्क" या रकान्यात टाकतात, कब्जेदाराच्या रकान्यात नाही. नाव दिसतं म्हणून बाई खूश होते. रकाना बघा. दोन, एकाच भावाचं नाव "ए.कु.मॅ." लिहून लागलेलं असतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जुन्या सातबाऱ्यावर हे असेल तर मागचा फेरफार काढा, बाकीचे वारस तिथे सापडतात. तीन, हक्कसोड. लेकीला माहेरी बोलावतात, साडी देतात आणि एका कागदावर अंगठा घेतात. जमिनीतला हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. नुसत्या स्टॅम्पवरचा अंगठा पुरत नाही. कोणी असा कागद दाखवला तर घाबरू नका, नोंदणीचा नंबर विचारा.

आता वनपट्ट्याचं थोडक्यात. तिथे वेगळं आहे, कारण २००६ चा वनहक्क कायदा आपल्यालाच लागू आहे. त्याचं कलम ४(४) म्हणतं की लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर लागेल, वारसाने पुढे जाईल, पण विकता किंवा हस्तांतर करता येणार नाही. म्हणजे नवरा गेल्यावर बायको त्या पट्ट्यात वारस म्हणून येत नाही. ती आधीपासून पट्टेधारक आहे. आम्ही असे पट्टे पाहिलेत ज्यात नवरा गेल्यावर मुलाने आईचं नाव काढून स्वतःचं एकट्याचं टाकायला अर्ज केला. तसं करता येत नाही. नवऱ्याचा वाटा पोरांत कसा जायचा त्याचं कोष्टक मात्र या कायद्यातही नाही. थेट वारस नसेल तर जवळच्या नातेवाइकाकडे जाईल, एवढंच आहे. आत परत रूढी येते.

मग आपण काय करायचं? तीन कामं ठरवू या.

पहिलं, रूढीचा पुरावा आपणच गोळा करायचा. प्रत्येक पाड्यावर जुने फेरफार आहेत. त्यात विधवेचं नाव लागलेलं आहे का, लेकीचं लागलेलं आहे का, घरजावयाच्या घरात जमीन कोणाकडे गेली, ते शोधायचं. आम्ही एका पाड्याचे ४० फेरफार वाचले. त्यातल्या ७ मध्ये विधवेचं नाव कब्जेदारात होतं आणि २ मध्ये लेकीचं. मागच्या काकांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "ही तर माझीच मावशी." म्हणजे जी गोष्ट आमच्यात होत नाही असं ते म्हणत होते, ती त्यांच्याच घरात झाली होती. उद्या कोणी कोर्टात म्हणालं की यांच्यात बाईला कधीच देत नाहीत, तर हे कागद बोलतील.

दुसरं, घरातला माणूस गेला की दहाव्या-बाराव्याला सगळे जमतात. तिथेच पंचांसमोर सगळ्या वारसांची यादी लिहायची. घरच्यांनी एकमताने सारखी वाटणी ठरवली तर तो त्यांचा कौटुंबिक समझोता, त्याला हिंदू वारसा कायद्याची गरज नाही. सगळ्या सहधारकांची संमती असेल तर कलम ८५ खाली तहसीलदाराकडून वाटप होतं. हिस्से कसे मोजायचे हे मात्र फळ्यावरच्या प्रश्नातून शिका. डोकी न मोजता शाखा मोजायची, मेलेल्याचं घर धरायचं, शेवटी बेरीज करून बघायची. पद्धत म्हणून ती चांगली आहे. फक्त "कायद्याने एवढंच" असं म्हणू नका. "आम्ही ठरवलं" असं लिहा.

तिसरं, ग्रामसभेत हा विषय घ्यायचा. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला रूढी-परंपरा जपायचा अधिकार देतो. पण आज ठराव केला म्हणून काल रूढी होती असं होत नाही. ठराव हा पुढच्या वागण्याचा पाया आहे. त्याप्रमाणे दहा-वीस घरांत खरंच वाटण्या झाल्या तर त्या उदाहरणं होतील.

एक भीती सगळे बोलून दाखवतात, म्हणून तीही घेतो. लेकीचं नाव लागलं तर जमीन दुसऱ्या गावात जाईल, उद्या बिगर आदिवासी येईल. नाव लागणं म्हणजे बांध घालणं नाही. सामाईक सातबारा राहू शकतो, कसणारा कसतो, आणि बाकीच्यांचा हक्क कागदावर राहतो. आणि आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती अट भावाच्या नावावरच्या जमिनीला आहे तशीच बहिणीच्या नावावरच्या जमिनीलाही आहे. आपल्या पाड्यावरून गेलेल्या जमिनी आठवा. त्या कोणी सह्या करून घालवल्या, भावांनी की बहिणींनी, ते घरी जाऊन मोजा.

आता शेवटी त्या काकांच्या वाक्याकडे. "तिचा बाप गेला तेव्हाच तिचा हक्क गेला." हिंदू वारसा कायद्यात हे चूक आहे, तिथे नातीला २० गुंठे आहेत. आपल्यासाठी ते कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. आणि आपल्या जुन्या फेरफारांत तरी आम्हाला ते सापडलं नाही. मग ते आलं कुठून? आम्ही काकांना सकाळी परत विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "फॉर्म लिहिणारा म्हणाला होता."

ज्या सुनेचं सांगितलं ती इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिची पोरगी पाचवीत आहे. अपिलाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. ज्यांना येता येईल त्यांनी या, आणि येताना तुमच्या पाड्यावरचा एक तरी जुना फेरफार घेऊन या.

जिंदाबाद.